सात दिवस गप्प बसून काय कळणार?

"प्रत्येक माणसाची प्रेमाची भाषा पाचपैकी एकच असते. तुमची शब्दांची आणि त्याची कामांची असेल तर जमणं अवघड. नुसती कामं करून देणं म्हणजे प्रेम नव्हे, तो स्वभाव झाला. खात्री करायची असेल तर सात दिवस स्वतःहून मेसेज करू नका; काळजी असेल तर तोच विचारेल. आणि पहिल्या महिन्यात जे मिळालं नाही, ते पुढेही मिळत नाही."

नात्यातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि माझ्या भाचीने ते मनावर घेतलं. नुकताच साखरपुडा झालाय. ती पुण्यात, तो नाशिकला.

आधी त्या सात दिवसांचंच बघू, कारण खरं नुकसान तिथे होतं. भाची गप्प बसली. त्याआधी ती फोनवर दोन गोष्टी बोलून गेली होती: ऑफिसात ऑडिट चालू आहे, जेवायलाही फुरसत नाही, आणि गाडीचा इन्शुरन्स संपत आलाय. त्याने दोन्ही ऐकल्या होत्या. ऑडिट आहे म्हणून त्याने तिला त्रास दिला नाही, आणि इन्शुरन्स स्वतः भरून टाकला. मेसेज एवढाच आला, "पॉलिसी मेल केलीय. एक प्रिंट गाडीत ठेव." हिने तो हिशेबातच धरला नाही, कारण त्यात "कशी आहेस" नव्हतं! पुढचे दिवस तो हिचं ऑडिट संपायची वाट बघत राहिला आणि ही त्याच्या प्रश्नाची. कामातून काळजी करणारा माणूस समोरच्याचं गप्प राहणं बहुतेक वेळा "सध्या नको" असंच वाचतो. अशा परीक्षेत कोण किती मेसेज करतो ते कळतं, बाकी काही नाही. शिवाय ज्याची परीक्षा घ्यायची, त्याला परीक्षा चालू असल्याचा पत्ताच नसतो.

उलट बाजूही ऐका. त्याला ताप आला तेव्हा हिने रात्री उशिरापर्यंत मेसेज केले, जीव लागत नाही म्हणाली. तो बहिणीला काय म्हणाला? "बोलते छान, पण डॉक्टरांनी काय दिलं ते नाही विचारलं." म्हणजे शब्द पोकळ वाटले ते त्याला, कामं कोरडी वाटली ती हिला. पहिल्या काही आठवड्यांत हे होणारच. समोरचा इतरांशी कसा वागतो, दमल्यावर कसा बोलतो, हे अजून पाहिलेलंच नसतं. मग आपण स्वतः जसं वागलो असतो, त्याच मापाने दुसऱ्याला मोजतो.

आता त्या पाच भाषा: कौतुकाचे शब्द, एकत्र वेळ, भेटवस्तू, कामं करून देणं आणि स्पर्श. ही कल्पना गॅरी चॅपमन यांच्या 1992 च्या पुस्तकातली. ते पाद्री आणि विवाह समुपदेशक. समुपदेशनाच्या अनुभवातून त्यांनी ती मांडली. 2024 मध्ये एमिली इम्पेट, गिडियन पार्क आणि एमी म्यूज या कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास 'करंट डायरेक्शन्स इन सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात तपासून पाहिले. प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते, याला त्यांना पुरेसा आधार सापडला नाही. प्रश्नावलीत दोनांतून एक निवडायलाच लावतात म्हणून तसं उत्तर येतं. प्रत्येक गोष्टीला वेगवेगळे गुण द्यायला सांगितले, तर लोक जवळपास सगळ्यांनाच भरघोस देतात. भाषा जुळलेली जोडपी इतरांपेक्षा अधिक सुखी असतात, यालाही भक्कम पुरावा नाही. म्हणजे "जमणं अवघड" हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं स्वतःचं भाकीत!

कामं म्हणजे स्वभाव, यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. काही माणसं सोसायटीतल्या सगळ्यांचे फॉर्म भरून देतात. (तसं सगळ्यांशी गोड बोलणारेही असतात, त्यांच्याबद्दल फॉरवर्ड गप्प.) आणि काही मदत ही मदत नसून ताबा असतो: न विचारता तिकीट बदलणं, "सोयीसाठी" लोकेशन मागणं. फरक ओळखायचा तर दोन गोष्टी बघा. केलेलं काम तुम्ही बोललेल्या गोष्टीवरून निघालंय का? इन्शुरन्सचं तसं होतं. आणि "हे नको, माझं मी करते" म्हटल्यावर तो थांबतो की रुसतो? रुसत असेल, तर पाचांपैकी कुठलीही भाषा लावू नका, सावध व्हा.

पहिल्या महिन्याचं म्हणाल तर त्यात फार दम नाही. न मागता मिळत नाही ते मागून मिळतं का, हे आधी मागून तर पाहावं लागतं. मी भाचीला तेवढंच करायला लावलं: "आज वाईट दिवस गेला, उपाय नको, दहा मिनिटं फक्त ऐक," असं सांगून फोन कर. त्याने ऐकलं. मध्ये एकदा "मग मॅनेजरला मेल टाक ना" म्हणालाच, पण तिने अडवल्यावर गप्प बसला. आणि त्याच्या पुढच्या दुखण्यात औषधाचं नाव विचारायचं, हे मी हिलाही बजावलंय.