टिंबाने गिळलेले बारा गुंठे

जमिनीच्या भांडणात भाऊ, चुलता आणि बांध हे तीन आरोपी ठरलेलेच. मला विचाराल तर खरा चोर चौथाच आहे: टिंब.

समजा, आयताकृती शेत आहे, 330 फूट लांब आणि 198 फूट रुंद. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. म्हणून मी लांबी-रुंदी एकदम गुणायच्या फंदात पडत नाही. आधी दोन्ही बाजूंना 33 ने भागतो. एकीकडे 10, दुसरीकडे 6. दहा सक साठ. साठ गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दीड एकर. चहा निवायच्या आत काम फत्ते.

मग कुणीतरी कागदावर लिहितो, ‘एकर 1.20’. एक एकर वीस गुंठे, बिनचूक! पण हे टिंब दशांशचिन्ह नाही, एकर आणि गुंठे यांच्यामधला बांध आहे. शहरातला पुतण्या मोबाइलवर 1.20 गुणिले 40 करतो आणि 48 गुंठे काढतो. बारा गुंठे बसल्या जागी गडप. सातबारा वाचायला सरावलेले काका तेच 1.20 हेक्टर-आर समजतात, की शेत 118 गुंठ्यांच्या पुढे जातं. पेरणीआधीच जवळजवळ दुप्पट पीक! म्हणून टिंब न देता ‘1 एकर 20 गुंठे’ असं अक्षरी लिहावं. शाई थोडी जास्त जाते, पण वकिलापेक्षा स्वस्त पडते.

हेक्टरचं टिंब त्या मानाने गरीब. शंभर आरचा हेक्टर, शंभर चौरस मीटरचा आर, त्यामुळे तिथे दशांश चालून जातो. आपलं शेत 65,340 चौरस फूट, 10.764 ने भागलं की सुमारे 6070 चौरस मीटर. सातबाऱ्यावर ते 0.60.70 दिसेल: शून्य हेक्टर, 60 आर, 70 चौरस मीटर.

आता शेवटचे ते 70 बघा. ‘गुंठा काय नि आर काय, एकच’ म्हणणारे ते सोडून देतात. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, आर 100 चा. फरक चिमूटभर, पण साठ गुंठ्यांत तो साडेसातशे चौरस फुटांवर जातो, म्हणजे छोटंसं घरच. तसंच ‘अडीच एकरांचा हेक्टर’ हे बोलायला ठीक. हिशेबाने हेक्टरमध्ये 98.84 गुंठेच बसतात, शंभर नव्हे.

आणि हे सगळं शेत खरंच आयत असेल तर. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या रेषांवर टेप धरा. आपल्या शेतात दोन्ही 384 फूट 10 इंचांच्या आसपास यायला हव्यात. समोरासमोरच्या बाजू सारख्या, पण एक कर्ण 370 आणि दुसरा 399 भरला, तर शेत कलंडलेलं आहे. तिथे लांबी गुणिले रुंदी केलं की उत्तर नेहमी जास्तच येतं, आणि विकणाऱ्याला ही पद्धत फार आवडते.