आता परांची बांधलीच आहे, तर...

रंगकामाच्या धंद्यात नवे असाल तर एक वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा. परांचीचा शेवटचा बांबू बांधून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी चहाचा कप घेऊन खाली येतात, मान वर करून इमारतीकडे बघतात आणि म्हणतात, "आता परांची बांधलीच आहे, तर..."

या 'तर'च्या पुढे काय येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तुम्ही मात्र गोंधळून जाऊ नका. लगेच म्हणा, "करून टाकू ना साहेब, बघू नंतर." हे 'बघू नंतर' म्हणजे आपल्या धंद्याचा पाया आहे. त्यावर मी आजवर तीन इमारती उभ्या रंगवल्या आणि तिन्हींचे वाढीव पैसे अजून बघतोच आहे. तेव्हा अधिकाराने चार शब्द सांगतो.

आधी माझेच उदाहरण घ्या. पुण्यातली चोवीस सदनिकांची सोसायटी. बाहेरून रंग, १८,००० चौरस फूट, परांचीसह २१ रुपये दर. म्हणजे ३,७८,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. २० मार्चला सुरुवात, ४५ दिवसांत काम पूर्ण. कोटेशनवर सही, शिक्का, सगळे झकास.

१ एप्रिलला सेक्रेटरी स्वतः परांचीवर चढले. (तारीख मी मुद्दाम निवडलेली नाही, तेच चढले.) पश्चिमेच्या भिंतीवर त्यांनी पाना आपटून पाहिला आणि ठिकठिकाणी बद्द आवाज आला. पावसाळ्यानंतर पावसाळे पाणी खाऊन प्लास्टरने विटांना सोडले होते. हात लावला की लादीसारखा तुकडा हातात यायचा. खाली उतरून ते म्हणाले, "हे पोकळ प्लास्टर काढून नवे करा. आणि परांची बांधलीच आहे, तर मागचे तिन्ही डक्टही रंगवा. गच्चीच्या कठड्याची आतली बाजूही राहिली आहे."

अशा वेळी काय करावे? काहीही लिहू नये. लिहिले की माणसे सावध होतात. समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ओके सर' असे टाकावे आणि खाली अंगठा आला की प्लास्टर फोडायला घ्यावे. अंगठा कुणाचा, कशाला आणि किती चौरस फुटांना, असले क्षुद्र प्रश्न मनात आणू नयेत.

फोडण्यापूर्वी मोजमाप तर अजिबात घेऊ नका. काही हट्टी लोक पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारतात, समितीतला एक माणूस शेजारी उभा करून फुटपट्टी लावतात, वहीत आकडे लिहून दोघांच्या सह्या घेतात आणि वर फोटो काढतात. किती हा अविश्वास! तुम्ही थेट फोडा. प्लास्टर एकदा राडारोड्यात गेले की ते १,६०० चौरस फूट होते की ६००, हा निव्वळ श्रद्धेचा विषय उरतो, आणि सोसायटीच्या सभेत कंत्राटदारावर श्रद्धा असलेला सभासद अजून जन्माला यायचा आहे.

सुधारित कोटेशनचे पत्र लिहायचेच असेल तर काम संपल्यावर, शेवटच्या बिलासोबत लिहा. आधी दिले तर समितीला ते सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला वेळ मिळेल. दुरुस्तीवर समितीला आपल्या अधिकारात एका मर्यादेपर्यंतच खर्च करता येतो, त्यापुढे सभेची मंजुरी लागते, हे तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक असते. नंतर पत्र दिले की सगळ्यांना समान धक्का बसतो. यालाच सहकार म्हणतात.

पत्राचा मजकूर असा ठेवा: 'वाढीव काम, रु. २,९०,००० फक्त.' एवढेच. शेवटचे 'फक्त' विसरू नका, भारदस्त वाटते. तपशील दिला की लोक तपशील वाचतात. आणि पत्र लिहितोच आहोत तर मूळचा २१चा दरही २४ करून टाका. रंगाचे डबे महागले म्हणा. जुन्या कोटेशनमध्ये तुमचीच चूक झाली असेल तर ती नव्यात भरून काढण्यासारखी संधी पुन्हा येत नाही. पत्रातल्या खऱ्या वाढीवरही त्यामुळे संशय येतो, पण त्याला इलाज नाही.

आता हे कसे लिहू नये, तेही सांगतो. माझा मेव्हणा याच धंद्यात आहे. अत्यंत रुक्ष माणूस. जवळजवळ अशाच इमारतीत, त्याच रकमेच्या आणि त्याच मुदतीच्या कोटेशनवर, अशाच 'तर'पुढे तो सापडला. त्याच दिवशी सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, करायला माझी हरकत नाही. दोन दिवसांत कागद देतो, तोवर पश्चिमेच्या भिंतीला हात लावत नाही. बाकी तीन बाजूंचे काम चालू ठेवतो." आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी त्याने पत्र दिले. त्या पत्राची प्रत त्याने मला कौतुकाने दाखवली. वाचून मला जांभई आली.

सुरुवातीलाच मूळ कोटेशनचा क्रमांक आणि तारीख, आणि पुढे एक वाक्य: 'मूळ कामाचे दर व अटी यांत कोणताही बदल नाही.' मग वाढीव काम, एकेक ओळ वेगळी. पोकळ प्लास्टर काढून नवे करणे, संयुक्त मोजमापानुसार १,६०० चौरस फूट, ९० रुपये दराने १,४४,०००. राडारोडा उचलणे ८,०००. हा आकडा कुठून आला तेही लिहिलेले: एक इंच जाडीचे १,६०० चौरस फूट म्हणजे सुमारे १३३ घनफूट, फोडल्यावर फुगून दोनशेच्या आसपास, म्हणजे दोन ब्रास. डक्टमध्ये परांची मावत नाही, झुल्यावरून काम करावे लागते, म्हणून तिथला दर २६ आणि २,४०० चौरस फुटांचे ६२,४००. कठड्याच्या आतल्या बाजूला गच्चीवर उभे राहून हात पोहोचतो, परांची लागत नाही, म्हणून दर १८ आणि १,००० चौरस फुटांचे १८,०००.

दर कमी लावायला कुणी सांगितले होते त्याला? पुढे तर त्याने कहरच केला. नव्या प्लास्टरवर जुना रंग खरवडायचा आणि भेगा भरायच्या नाहीत, मूळ दरात ते धरलेले होते, म्हणून १,६०० चौरस फुटांवर दोन रुपयांप्रमाणे ३,२०० रुपये वजा! स्वतःच्या हाताने. मी विचारले, "अरे, हे कुणी मागितले होते?" तर म्हणाला, "दाजी, त्या एका वजा ओळीमुळे बाकीच्या अधिक ओळींवर कुणी बोट ठेवले नाही."

एक ओळ मात्र मला बिलकूल सुचली नसती: परांचीचे वाढीव भाडे. पश्चिमेच्या ४,५०० चौरस फुटांचे एक महिन्याचे तीन रुपयांप्रमाणे १३,५००. नवे प्लास्टर झाले की आठवडाभर त्यावर पाणी मारावे लागते. त्यानंतरही लगेच रंग लावता येत नाही. सिमेंटमधला क्षार आणि ओल बाहेर यायला वेळ द्यावा लागतो, म्हणून साधारण २८ दिवस थांबायचे. घाई केली तर रंगावर पांढरा क्षार फुलून येतो, डाग पडतात, पापुद्रे सुटतात. म्हणजे खरा वाढीव खर्च सिमेंट-वाळूचा नाही, उभ्या राहिलेल्या बांबूंचा आणि वाट बघण्याचाही आहे. प्रति चौरस फूट दर मागणाऱ्या समितीला हे दिसत नाही, कारण त्या महिन्यात परांचीवर कुणीच काम करताना दिसत नाही.

त्यावरून त्याने तारखाही मांडल्या. '१२ एप्रिलपर्यंत लेखी मंजुरी मिळाल्यास प्लास्टर २२ एप्रिलला पूर्ण, २८ दिवसांनी २० मे, त्यापुढे दहा दिवस रंग, म्हणजे ३० मेला काम पूर्ण. मूळची ३ मेची मुदत फक्त पश्चिमेच्या भिंतीपुरती पुढे जाईल. मंजुरीस उशीर झाल्यास पावसापूर्वी रंग होणार नाही. त्या परिस्थितीत प्लास्टर व रंग दोन्ही ऑक्टोबरनंतर करावे व परांची पुन्हा बांधण्याचा खर्च वेगळा धरावा.' म्हणजे समितीपुढे दोन वाटा ठेवल्या आणि दोन्हींची किंमत सांगितली. भांडायला जागाच ठेवली नाही बिचाऱ्यांना.

एकूण वाढ २,४२,७००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,६८६. मूळ ३,७८,००० धरून आणि करासह सगळे मिळून ७,३२,४२६. खाली 'मंजूर' लिहून सहीला जागा, आणि वाढीव कामाची निम्मी रक्कम प्लास्टर सुरू होण्यापूर्वी. समितीने पत्र बघून कुरकुर केली, कठडा सोडून द्या म्हणाले, मग पुन्हा घ्या म्हणाले. शेवटी समितीने सभा बोलावून सही दिली. मेव्हण्याला ३० मेच्या ऐवजी २ जून लागली. त्याचे त्यालाच वाईट वाटले.

माझे काय झाले, ते थोडक्यात. मी प्लास्टर लगेच फोडले, लगेच केले आणि ४५ दिवसांचा शब्द पाळायचा म्हणून बाराव्या दिवशी त्यावर रंगही मारला. जूनच्या पावसात भिंतीला भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे उमटले. मग मी 'वाढीव काम, रु. २,९०,००० फक्त' हे पत्र दिले. समितीने विचारले, कोणते काम? मी वर बोट दाखवले. त्यांनीही वर पाहिले आणि नकाशाकडे बोट दाखवले.

वकिलाकडे गेलो. भला माणूस. म्हणाला, १८७२च्या कराराच्या कायद्यात कलम ७० आहे. फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. मला अगदी भरून आले. मग त्याने विचारले, "काम किती केले याचा पुरावा काय?" मी मोबाइल काढून अंगठा दाखवला. तो बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यात 'ओके सर' एवढे दोनच शब्द आहेत, प्लास्टरचा तर उल्लेखच नाही."

तेव्हापासून दर सभेला मी त्या सोसायटीत जातो. सेक्रेटरी चांगला माणूस आहे, खुर्ची देतो, चहा सांगतो. विषयपत्रिकेवर मी अजून आलेलो नाही. पण शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतात ना, त्यात मला घेऊ म्हणाले आहेत, वेळ उरला तर.