दुधाचं कार्ड टाइप करण्याची सोपी रीत

महिन्याचं दुधाचं कार्ड समोर आहे आणि त्याच्या तारीखवार ओळी करून संगणकात ठेवायच्या आहेत? मग सर्वांत आधी चष्मा काढून ठेवा. नीट बघणाऱ्यांचीच कामं अडतात. तीसेक चौकोन, पंचवीसेक टिका, खाली एक रक्कम. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते पाच मिनिटांतच झालं पाहिजे.

माझ्यापुढे आलं ते २०२३ च्या जूनचं कार्ड. वर्ष अर्थातच त्यावर नव्हतं, ते ताईला विचारून लिहावं लागलं. तुम्ही विचारूसुद्धा नका, चालू वर्ष टाका. कार्ड जुनं आहे म्हणून तारीखही जुनी असली पाहिजे, असं थोडंच आहे? रतीब रोज एक लिटरचा. दर पंधरा तारखेपर्यंत ६० आणि पुढे ६२. टिक म्हणजे रतीब आला, फुली म्हणजे खाडा. इथवर कोणालाही जमेल. खरी कलाकुसर टिका संपल्यावर सुरू होते.

पाच तारखेच्या चौकोनात आजीने लिहिलं होतं १॥. आजीच्या पिढीची ही जुनी रीत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून १॥ म्हणजे दीड. पण आपण कशाला एवढ्या खोलात शिरा? तीन उभ्या रेघा दिसतात, तीन एक टाइप करा. १११ लिटर. त्या दिवशी पाहुणे जरा जास्त आले असतील.

बावीस तारखेला तर नुसत्याच दोन रेघा होत्या, आधी आकडाच नाही. मोजणीच्या रेघा म्हणाव्यात तर दोन लिटर. जुन्या रीतीने वाचलं तर अर्धा लिटर. आणि किंचित वर सरकवून वाचलं तर ‘वरीलप्रमाणे’ची खूण, म्हणजे जे एकवीसला तेच बावीसला. एकवीसचा चौकोन रिकामा. अशा वेळी माझा सल्ला असा की जो अर्थ पहिल्यांदा मनात येईल तो लिहावा आणि दुसरा मनात यायच्या आत फाइल बंद करावी.

रिकाम्या चौकोनाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. रिकामं म्हणजे शून्य. खाड्याला फुली मारायची पद्धत याच कार्डावर बारा आणि तेरा तारखेला पाळलेली दिसते, तेव्हा रिकाम्याचा अर्थ फुलीहून वेगळा असू शकतो, हा विचार झटकून टाका. दूध आलं पण टिक करायची राहिली, दूध आलंच नाही, किंवा कार्ड त्या दिवशी सापडलं नाही, या तिन्ही गोष्टी शून्यात किती छान मावतात!

आता एकतीसचा चौकोन. कार्ड छापणारे सगळ्या महिन्यांना एकतीस चौकोन देतात. जूनमध्ये तो मोकळा राहतो म्हणून हिशेब करणाऱ्याने तिथेच महिन्याची रक्कम लिहिली: १७०९. तुम्ही ती ३१ जूनला आलेलं दूध म्हणून उतरवून घ्या. असली तारीख काही प्रोग्राम तोंडावर नाकारतात, पण काही भले प्रोग्राम मुकाट्याने तिची १ जुलै करून देतात. मग जुलैच्या पहिल्या दिवशी घरात १७०९ लिटर दूध येतं आणि कोणालाच काही खटकत नाही.

इथे आमच्या ताईपासून सावध करायला हवं. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, तू वाचतोयस की ठरवतोयस?” मग तिने माझ्या ओळी पुसून स्वतःच्या घातल्या. असल्या ओळी कशा दिसतात ते माहीत असावं, म्हणजे टाळता येतात:

```
2023-06-05 | १॥     | 1.5
2023-06-12 | फुली   | 0
2023-06-21 | रिकामे | ?
2023-06-22 | ॥      | 0.5?
```

मधल्या रकान्यात कार्डावर जे दिसतं ते, शेवटच्यात त्याचा तिने लावलेला अर्थ. दोन्ही वेगवेगळे. एका चौकोनासाठी एवढी उठाठेव! शिवाय प्रश्नचिन्ह उघड्यावर. चारचौघांत आपल्याला काही कळलं नाही हे कोणी दाखवतं का?

एवढ्यावर ती थांबली नाही. १७०९ वरून उलट मोजायला बसली. पहिल्या पंधरवड्यात तेरा दिवस दूध, त्यात एक दिवस दीड, म्हणजे साडेतेरा लिटर. ६० च्या दराने ८१०. उरले ८९९. ते ६२ ने भागले की साडेचौदा लिटर. सोळा ते वीस पाच टिका, तेवीस ते तीस आठ टिका, एकूण तेरा. म्हणजे एकवीस आणि बावीस मिळून दीड लिटर. बावीसला दोन लिटर हे तिथेच बाद झालं. ‘वरीलप्रमाणे’ धरावं तर दोन्ही दिवशी पाऊण-पाऊण लिटर, आणि दूधवाल्या काकांकडे माप अर्ध्या लिटरचं.

मी म्हटलं, “झालं तर मग. एकवीसला एक, बावीसला अर्धा.”

“किंवा एकवीसला काही नाही आणि बावीसला दीड. आजीने आधीचा एक लिहिला नसेल. बेरीज दोन्हीकडे सारखीच येते.”

आता यावर काय बोलायचं? बेरीज जुळली की माणसाने उठून चहा करावा. मी तर म्हणेन बेरीज आधी टाइप करा आणि ती जुळेपर्यंत चौकोन बदलत राहा. दोन दरांची भानगडही नको. अठ्ठावीस लिटरला सरसकट ६२ लावले तर १७३६ होतात, २७ जास्त. ते कुठल्याही एका तारखेतून अर्धा लिटर कमी करून जवळपास भागवता येतात. उरतील चार दिडक्या, त्यांचा हिशेब कोण मागतो?

पेपरवाल्याच्या कार्डाचं एकच सांगतो. समासात चार उभ्या रेघा आणि त्यांवरून एक तिरकी, शेजारी ‘खाडे’. तिरक्या रेघेने पाच पुरे होतात असं जाणकार म्हणतात. तुम्ही ‘चार लिहून खोडले’ असं वाचा, म्हणजे खाडे शून्य. पाच धरायचेच असतील तर ते महिनाभर सारखे पेरा, दर सहाव्या दिवशी एक. रेघांच्या जुडग्याला संख्या असते पण तारीख नसते, म्हणून ताईने पूर्ण महिन्याची एकच ओळ केली, ‘1 ते 30, खाडे 5’, आणि दिवसांच्या ओळींत हात घातला नाही. दिसायला ओळ किती ओकीबोकी. माझे पेरलेले खाडे रांगोळीसारखे दिसत होते.

शेवटी ताईने काकांनाच विचारलं. त्यांना आठवलं, कारण एकवीसला त्यांची सायकल पंक्चर झाली होती. त्या दिवशी दूध आलंच नाही, बावीसला दीड लिटर घातलं. ताईने शेवटचा रकाना बदलला, पुढे ‘काकांनी सांगितलं’ असं लिहिलं आणि मधला ‘रिकामे’ तसाच ठेवला.

माझी प्रत मी कधीच पाठवून मोकळा झालो होतो. बेरीज तीच, रक्कम तीच. फक्त एकवीस जूनला आमच्या घरी न आलेलं एक लिटर दूध सगळ्यांनी मिळून प्यायलेलं आहे.