"समन्स घेतलंच नाही तर लागू होत नाही" या मेसेजला उत्तर

"चेक बाउन्सचं समन्स आलं तर सही करू नका, घेतलंच नाही तर ते लागू होत नाही. पैशाच्या व्यवहारात अटक होत नाही. तीन समन्स झाल्याशिवाय वॉरंट निघत नाही. वॉरंट निघालं तरी त्यावरची तारीख उलटली की संपतं. सगळ्यांना पाठवा."

मी तालुका कोर्टात वकिली करते आणि असल्या सल्ल्यावर विसंबून घरी बसलेला माणूस शेवटी पोलिसांच्या गाडीतून कोर्टात येतो हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सहीचं आधी. माझ्याकडे आलेले एक हार्डवेअरचे दुकानदार, माल देणाऱ्याला दिलेला १,८०,००० चा चेक परत गेला होता. समन्स घेऊन पोलीस स्टेशनचा अंमलदार घरी आला तेव्हा हे आत होते आणि बायकोने दारातूनच सांगितलं की ते गावाला गेलेत, कागद ठेवू नका. अंमलदाराने काय केलं, वाद न घालता "पत्नीने घेण्यास नकार दिला" असा रिपोर्ट लिहिला, पुढच्या वेळी येऊन एक प्रत दाराला चिकटवली, शेजारचे दोन पंच घेतले आणि कागद कोर्टात परत पाठवला. कोर्टाने तो बघून समन्स बजावलं गेलं असं धरलं. माणूस सापडत नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे प्रत देता येते, तेही जमलं नाही तर दाराला लावता येते, हे कायद्यातच आहे. आधी "सज्ञान पुरुष" असं होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात "पुरुष" हा शब्द गेला, त्यामुळे घरात फक्त बायको होती किंवा आई होती हेही कारण आता चालत नाही. आणि चेकच्या केसमध्ये तर समन्स स्पीड पोस्टाने किंवा कुरिअरनेही येतं, पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडला की कोर्ट ते बजावलं असं जाहीर करू शकतं.

उलट समन्स नाकारून एक मोठी संधी जाते ती कोणी सांगत नाही. चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस येते, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात. ती नोटीस मला मिळालीच नाही असं ज्याचं म्हणणं आहे त्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि तक्रार फेटाळा असं कोर्टाला सांगावं, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगून ठेवलंय. दार बंद करून बसलं की हे दिवस निघून जातात.

आता अटकेचं. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे म्हणून तो लोकांना पटतो. दिवाणी दाव्याचं समन्स आलं, म्हणजे वसुलीचा दावा, जमिनीची वाटणी वगैरे, आणि तुम्ही प्रतिवादी असून गेला नाहीत तर साधारणपणे कोणी धरायला येत नाही, दावा एकतर्फी चालतो आणि निकाल तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. पण चेक बाउन्स हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८ कलमाखाली फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. फौजदारी केसमध्ये आरोपीला आरोप वाचून दाखवायचा, गुन्हा कबूल आहे का विचारायचं, तिथून केस सुरू होते, आणि माणूसच समोर नसेल तर मॅजिस्ट्रेटला सहसा पुढे जाता येत नाही. म्हणून कोर्टाला माणूस आणावा लागतो. चेकच्या पैशासाठी नाही, तारखेला न आल्यामुळे अटक होते. समन्स म्हणजे तुम्ही स्वतः या, वॉरंट म्हणजे पोलिसांनो याला आणा, फरक एवढाच आहे.

तीनचा आकडा कुठून आला मला माहीत नाही, कायद्यात तो नाहीये. समन्स वेळेत बजावलं आणि सबळ कारण नसताना माणूस आला नाही, तर एकदाच न येणं पुरतं. माणूस पळून जाईल असं कोर्टाला कारणासह वाटलं तर तारखेची वाट न बघताही वॉरंट काढता येतं. मात्र आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र अशा पायऱ्यांनी जावं हे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय आणि बहुतेक कोर्टं तसंच करतात, आमच्या दुकानदाराचंही तसंच झालं.

पुकारा झाला, हे गैरहजर, म्हणून १०,००० चं जामीनपात्र वॉरंट निघालं. अंमलदार ते घेऊन दुकानात आला, ह्यांनी बाँडवर सही केली, मेहुणा जामीनदार राहिला, अंमलदार गेला. आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच, ह्यांना वाटलं अंमलदारासमोर सही झाली म्हणजे प्रकरण मिटलं. तो बाँड म्हणजे अमुक तारखेला कोर्टात हजर राहीन असं लिहून दिलेलं वचन असतं, तारीख त्याच कागदावर असते. हे त्या तारखेलाही गेले नाहीत, मग पकड वॉरंट म्हणजे अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि दुसऱ्या शनिवारी सकाळी शटर उघडताना पोलिसांनी उचललं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावं लागतं, तसं सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटसमोर केलंही, पण हाताशी जामीनदार नाही, कागद नाही, सोमवारपर्यंत जेल. १३८ जामीनपात्र आहे हे खरं, पहिल्यांदा जामीन हा तुमचा हक्क आहे, पण बाँड देऊन तारखेला न आलेल्या माणसाला पुढच्या वेळी कोर्ट जामीन नाकारू शकतं. आणि मेहुण्याला नोटीस आली ती वेगळीच, १०,००० का वसूल करू नयेत म्हणून.

वॉरंटवरची तारीख उलटली की ते मरत नाही. कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा त्याची अंमलबजावणी होईपर्यंत ते जिवंत असतं आणि भारतात कुठेही बजावता येतं, म्हणून पुण्याहून सुरतला जाऊन राहिल्याने काही सुटत नाही. त्याच्याही पुढे गेलं तर कोर्ट किमान ३० दिवसांची मुदत देऊन फरारीची जाहीर उद्घोषणा काढू शकतं, मालमत्ता जप्त करू शकतं, आणि उद्घोषणेनंतरही न येणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा.

हातात कागद आला तर आधी तो खरा आहे का बघा, कारण खोट्या अटकेची भीती घालून पैसे काढणारेही खूप झालेत. समन्सवर कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख, शिक्का असतो, ई-कोर्ट्सच्या साइटवर services.ecourts.gov.in ला केस नंबर किंवा CNR, म्हणजे प्रत्येक केसचा वेगळा १६ अक्षरी क्रमांक, टाकला की केस आहे की नाही आणि पुढची तारीख कधी ते दिसतं. खरं निघालं तर तारखेला वकिलासोबत जा. खरंच आजारी असाल तर वकिलामार्फत त्याच दिवशी, पुकारा व्हायच्या आधी, हजेरी माफीचा अर्ज मेडिकल सर्टिफिकेट लावून द्या. पकड वॉरंट निघालंय असं कळलं तर पोलीस यायची वाट बघू नका, स्वतः कोर्टात हजर व्हा, वॉरंट रद्दचा अर्ज द्या, सोबत आधार, फोटो, आणि जामीनदार त्याच्या सातबारा किंवा पगाराच्या स्लिपसकट. कामाच्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताना गेलात तर ते काम बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत होतं, थोडी कॉस्ट बसते आणि माणूस रात्री घरी जेवायला असतो. दुकानदार हे शुक्रवारीच करू शकले असते.