रिटायर व्हायचंय? आधी जन्मतारीख नीट निवडा

भाऊ, करिअर निवडताना पगार, बंगला असलं काय बघता, आधी तारीख बघा. आपल्या नागपूरचीच दोन माणसं घ्या. शरद बोबडे साहेब, सरन्यायाधीश, जन्म 24 एप्रिल 1956. सुप्रीम कोर्टाचं वय 65, म्हणजे 24 एप्रिल 2021 ला केक कापून मग निरोप समारंभ, असं तुम्हाला वाटेल, पण नाही ना, ते 23 लाच रिटायर झाले. कारण कायद्यात जन्माचा दिवस पूर्ण धरतात, मग 65 वं वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच भरतं, आणि घटना म्हणते वय पूर्ण होईपर्यंतच खुर्ची. एक्स्टेन्शन नाही. ते सरकारच्या हातात दिलं तर शेवटच्या वर्षी जज निकाल कोणाकडे बघून देईल, हे तुम्हीच सांगा.

आता जनरल मनोज पांडे, तेही नागपूरचेच. जन्म 6 मे 1962, लष्करप्रमुखाचं वय 62. जजवाला हिशोब लावला असता तर 5 मे 2024 ला सामान बांधलं असतं, पण फौजेत महिना संपेपर्यंत चालतं म्हणून 31 मे, आणि त्यावर सरकारने एक महिना वाढवून दिला, गेले 30 जूनला! फौजेत जायचं तर 2 तारखेला जन्म घ्या, बाकी महिना फुकट.

पण नुसती तारीख जमवून भागत नाही, प्रमोशनही घ्यावं लागतं. ब्रिगेडियरला 56, मेजर जनरलला 58, लेफ्टनंट जनरलला 60, म्हणजे जो वर चढला नाही तो लवकर घरी, कारण वर जागा कमी आणि खाली माणसं तरुण पाहिजेत. हवालदाराचं तर वय आणि नोकरीची वर्षं दोन्ही मोजतात, जे आधी भरेल ते. त्यामुळे कामठीत ऐन चाळिशीतले पेन्शनर दिसले तर आळशी म्हणू नका.

हायकोर्टाच्या जजला मात्र 62 च. त्याच माणसाला दिल्लीला नेलं की 65. बुद्धी तीच, पण दिल्लीच्या हवेत तीन वर्षं जास्त टिकते बहुतेक.

आणि विमान उडवायचंच असेल तर 65 ला नोकरी जात नाही, फक्त पैसे घेऊन प्रवासी नेणं बंद होतं, सिम्युलेटरवर पोरांना शिकवा की खुशाल. इथे बुद्धीचा प्रश्न नाही, भीती अचानक हार्ट अटॅकची आहे, म्हणूनच साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल आणि शेजारी दुसरा पायलट पाहिजेच. एकट्याने प्रवासी विमान उडवायचं असेल तर 60 ला बस.

आमच्या काकांनी यातलं काहीच केलं नाही, सरकारी ऑफिसात क्लार्क होते. शाळेत हेडमास्तरने सगळ्या पोरांसारखी 1 जून लावून दिली, आणि 1 तारीखवाला आधीच्या महिन्याच्या शेवटी जातो. झालं, 31 मेच्या उन्हात सत्काराचा नारळ घेऊन घरी आले अन् तेव्हापासून हेडमास्तरला शिव्या घालतात.