दोन वर्षांचा बाँड म्हणे!

काल रात्री भाची घरी आली, जेवायला बसली आणि भाताचा घास तसाच ताटात ठेवून म्हणाली, "मामा, ते म्हणतात माझा बाँड अजून नऊ महिने बाकी आहे." गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागून तिला अडीच वर्षं होत आलीत. बाँड दोन वर्षांचा, त्याआधी सोडलं तर दीड लाख भरायचे. मग हे नऊ महिने आले कुठून? मीच मुलाखतीला स्कूटरवरून सोडलं होतं तिला, त्यामुळे तिडीक जरा जास्तच गेली डोक्यात.

कागद आणायला लावले. चौदा वर्षं मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पर्सोनेलला काढली आहेत, असले कागद स्वतः टाईप केलेत (हो, लाज वाटते). त्यामुळे पहिलं पान न वाचताच पाचव्या पानावर गेलो. सापडलं. बाँडचे २४ महिने मोजायचे ते रुजू झाल्यापासून नाही, 'कायम झाल्याच्या तारखेपासून'. आणि कायम कधी? तर कंपनी लेखी पत्र देईल तेव्हा. तोवर प्रोबेशन चालूच समजायचं.

आता हा खेळ बघा. पोरगी १ ऑगस्ट २०२३ला रुजू झाली. सहा महिन्यांचं प्रोबेशन जानेवारीअखेर संपायला हवं होतं. 'कामात अजून सुधारणा हवी' म्हणून सहा महिने वाढवलं. कुठली सुधारणा, ते विचारायचं नाही. ते जुलैला संपलं, तर पत्र टायपायला कुणाला सवड नाही! शेवटी १ ऑक्टोबर २०२४पासून कायम केलं. म्हणजे बाँड सुटणार ३० सप्टेंबर २०२६ला. दोन वर्षांची सही, तीन वर्षं दोन महिन्यांची नोकरी. शिवाय त्या चौदा महिन्यांत कंपनी तिला २४ तासांत घरी पाठवू शकत होती, तिला मात्र सोडायचं तर ३० दिवसांची नोटीस. कायम झाल्यावर कंपनीची नोटीस ३० दिवस आणि तिची ९०! पात्रांव म्हणजे जमीनमालक, तो आणि त्याचं कूळ असंच नातं आहे हे, फक्त कागद ए-फोर आहे.

कुणी म्हणेल, ठरावीक मुदतीनंतर आपोआप कायम होत नाही का? सगळीकडे नाही. 'जास्तीत जास्त इतकेच महिने' अशी मर्यादा लिहिलेली असेल आणि ती उलटूनही कामावर ठेवलं असेल, तर कायम झालो म्हणायला जागा असते. नुसतं 'लेखी पत्र मिळेपर्यंत' असेल तर बसा पत्राची वाट बघत. सही करण्याआधी शोधायचं वाक्य हेच होतं. एचआरवाल्या बाईंनी काय दाखवलं? पगाराचा तक्ता आणि कंपनीच्या बसची वेळ.

आता तिला दुसरीकडे चांगली नोकरी लागतेय, पण ते थांबणार महिनाभर. हिशेब केला. महिनाभर नोटीस भरली तरी ६० दिवस कमी पडतात. ढोबळ पगार २२,००० धरून ४४,००० झाले. त्यावर बाँडचे दीड लाख, पूर्ण. पंधरा महिने भरले म्हणून काही कमी करू, असं कलमच नाही. एकूण १,९४,०००. हातात येतात १८,५००. म्हणजे साडेदहा महिने फुकट राबायचं. आणि पैसे भरून नोटीस तोडणं हासुद्धा तिचा हक्क नाही, 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार'!

आणि हे दीड लाख कशाचे? 'प्रशिक्षणाचा खर्च.' मी विचारलं, काय शिकवलं? तीन दिवस एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी पद्धती, वाचायला बसवलं आणि आठवडाभर औषधातले घटक तपासायच्या एचपीएलसी मशीनवर एका सीनियरच्या मागे उभं केलं. झालं प्रशिक्षण. अहो, औषध कारखान्यात माणसाला शिकवून त्याची नोंद ठेवणं सरकारी औषध नियमांतल्या शेड्यूल एमप्रमाणे कंपनीला करावंच लागतं, नाहीतर ऑडिटवाला कान पकडेल. स्वतःच्या लायसन्ससाठी केलेला खर्च पोरीच्या नावावर मांडायचा आणि वर नुकसान झालं म्हणायचं. चोराच्या उलट्या बोंबा.

ताटावरून तिचा दादा म्हणतो, "काही होत नाही गं, बाँड बेकायदेशीर असतो, खुशाल सोड." या व्हॉट्सॲप वकिलांनीही पोरांचं वाटोळं केलंय. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. पण तिथे माणूस वरच्या श्रेणीचा अधिकारी, पगार भक्कम, आणि सरकारी बँकेला एक जागा भरायची तर पुन्हा जाहिरात-परीक्षेचा खर्च. हे सगळं कोर्टाने बघितलं. १८,५०० घेणाऱ्या मुलीचं गणित तेच नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की कागदावरचा आकडा ही कमाल मर्यादा. मिळणार ती वाजवी भरपाई. तिला जबरदस्तीने कामावर बसवून ठेवा, असा हुकूम तर कोर्ट देतच नाही.

पण कोर्टात जातंय कोण? कंपनीलाही तिथे जायची गरज नाही. नोकरीतून मोकळं केल्याचं रिलीव्हिंग लेटर अडवलं की काम झालं. ते नसेल तर या धंद्यातली पुढची कंपनी दारात उभी करत नाही. खरी दोरी ती आहे, दीड लाखांचा आकडा नुसता भीती दाखवायला.

आणि आता ऐका कहर. रुजू होताना हिने सही केलेला कोरा चेक दिलाय! तारीख नाही, आकडा नाही. "सगळ्यांनीच दिला, मामा." अगो बाय, सही तुझी असली की बाकीचं दुसऱ्याने भरलं तरी चेक खरा धरतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्येच सांगून ठेवलंय. देणं लागतच नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मग तुझ्यावर. बाँडचा दावा दिवाणी, वर्षानुवर्षं चालेल. चेक परतला की कलम १३८, थेट फौजदारी. दीड लाखांच्या कागदापेक्षा तो कोरा चौकोन जास्त धोक्याचा, आणि तो हिने पेढ्याच्या बॉक्सबरोबर दिला.

रात्री साडेअकरापर्यंत बसून ईमेल लिहिला. प्रशिक्षणाच्या खर्चाचा तपशील द्या, भरलेल्या पंधरा महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी करा, चेक परत करा. चोवीसपैकी नऊ महिनेच उरलेत, तर त्या हिशेबाने ५६,२५० होतात. निदान तिथून बोलणी सुरू करा. सकाळी उत्तर आलं, एक ओळ. 'हा कंपनीचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे.'

मग नव्या कंपनीचं ऑफर लेटर बघितलं. एक पान. पगार, पद, तारीख, आणि तळाला 'इतर अटी नियुक्तीपत्राप्रमाणे'. मी म्हटलं, त्या नियुक्तीपत्राचा मसुदा आधी माग, मगच इथे राजीनामा टाक. तिने तिथेच फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, ते जॉइनिंगच्या दिवशी मिळेल."

राजीनामा अजून तिच्या पर्समध्येच आहे.