आधी विक्री आणि बँक जुळवा

"मित्राच्या मसाला युनिटच्या प्लॅनमध्ये पैसे घालायचेत. आधी कोणते आकडे तपासू?"

नफ्याचं पान बाजूला ठेवा. गेल्या वर्षीची विक्री, जीएसटीआर-३बी हे जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट शेजारी मांडा. समजा, प्लॅन आणि रिटर्न दोन्हीत विक्री ६० लाख आहे. ५ टक्के जीएसटी धरून ग्राहकांकडून ६३ लाख यायला हवेत. बँकेत जमा ५१ लाख, पण त्यात मित्राने स्वतःचे टाकलेले ६ लाख आहेत (हे बऱ्याचदा असतं!). म्हणजे खरी वसुली ४५. रोखीत काही नसेल, तर १८ लाख उधारीत हवेत. ताळेबंदात येणी ५ लाखच असतील, तर उरलेल्या १३ लाखांचा हिशेब ग्राहकवार मागा. मात्र जुन्या येण्यांची वसुली ४५ मधून आणि परत आलेला माल विक्रीतून आधी वजा करा.